आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आणि पॉलिसीची 42 पानं

आमच्या आईची हेल्थ पॉलिसी 12 जून 2022 ला घेतली, तेव्हा कव्हर 3 लाखांचं होतं. जून 2024 च्या रिन्युअलला एजंट काका म्हणाले की आता हॉस्पिटलं महाग झालीत, 5 लाख करून टाक, म्हणून 5 लाख केलं. प्रीमियम भरायचा, पीडीएफ आला की "आई पॉलिसी" नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा, यापलीकडे मी काही केलं नव्हतं. मी पणजीला अकाउंट्समध्येच काम करते, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, पण घरचा कागद उघडून बघितला नव्हता.

जानेवारी 2025 मध्ये आईला रात्री जेवल्यावर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायला लागलं, पाठीपर्यंत जायचं. डिचोलीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, पित्ताशयात खडे असणार, एक दिवस ऍडमिट करू, सगळ्या टेस्ट एकदम होतील, इन्शुरन्स आहे ना? मी हो म्हणणारच होते, पण ऑफिसातली एक मैत्रीण यातून गेलेली होती, ती म्हणाली आधी पॉलिसीचं वर्डिंग वाच आणि मग ठरव. वर्डिंग म्हणजे काय हेही तिनेच सांगितलं. आपल्याकडे जो दोन पानी कागद असतो, नाव, वय, रक्कम, प्रीमियम लिहिलेला, तो शेड्यूल. आणि त्याच्यामागे जी 42 पानं लागलेली असतात ज्यांच्याकडे कोणी बघत नाही, ते वर्डिंग. नियम वर्डिंगमध्ये आणि आकडे बरेचसे शेड्यूलमध्ये, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचावं लागतं. शिवाय कस्टमर इन्फॉर्मेशन शीट म्हणून काही पानं असतात, त्यात एका कॉलममध्ये प्रत्येक मुद्द्याचा क्लॉज नंबर दिलेला असतो. माझी सुरुवात तिथूनच झाली, नाहीतर पान 1 पासून वाचत बसले असते तर व्याख्यांमध्येच झोप लागली असती.

एक्सक्लूजन, म्हणजे काय मिळत नाही, त्या भागात बऱ्याच मुद्द्यांपुढे कोड असतो, Excl01, Excl02 असे. हे कंपनीने मनाने दिलेले नंबर नाहीत, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने 2019 मध्ये ही भाषा ठरवून दिली, त्यामुळे कुठल्याही कंपनीची पॉलिसी घ्या, Excl04 चा अर्थ एकच. तर हे Excl04 म्हणजे फक्त तपासण्या करण्यासाठी झालेलं ऍडमिशन. मुख्य हेतू निदान करणं हाच असेल तर तो खर्च मिळत नाही. म्हणजे डॉक्टर म्हणत होते तसं आईला एक दिवस झोपवून टेस्ट केल्या असत्या तर 24 तास पूर्ण होऊनसुद्धा क्लेम नाकारायला कंपनीला जागा होती. आमचे एजंट काका तर छातीठोकपणे सांगत होते की 24 तास झाले की पैसे मिळतातच. 24 तास ही एक अट आहे हो, पण ती एकटीच नाही.

मग आम्ही सोनोग्राफी आणि रक्ताच्या टेस्ट बाहेरून ओपीडीतच केल्या, 5,200 रुपये खिशातून भरले आणि बिलं जपून ठेवली. कारण वर्डिंगमध्येच पुढे प्री-हॉस्पिटलायझेशन नावाचा क्लॉज सापडला. ऍडमिट होण्याआधीच्या 30 दिवसांतला त्याच आजाराचा खर्च मिळतो, पण कधी, तर मुख्य ऍडमिशनचा क्लेम मंजूर झाला तरच. म्हणजे त्याच टेस्ट, तेच पैसे, आधी ऍडमिट होऊन केल्या तर अडकणार, आणि ओपीडीत करून पुढे ऑपरेशन झालं तर मिळणार. नंतर खरंच मिळाले, फक्त 850 रुपये कापले, कारण आईने लॅबमध्ये गेलेच आहे तर थायरॉइड पण करून घेऊया म्हणून ती टेस्ट जोडली होती आणि तिचा पित्ताशयाशी काही संबंध नव्हता. तेही Excl04 मध्येच लिहिलेलं आहे, चालू आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्या नाहीत.

सोनोग्राफीत खडे निघाले, एक 14 मिलिमीटरचा आणि बाकी बारीक. सर्जन म्हणाले दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं, फार लांबवू नका. आमच्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही आहे, पण या सर्जनचं म्हापशाचं हॉस्पिटल त्यात नव्हतं आणि आईला दुसऱ्या सर्जनकडे जायचं नव्हतं, म्हणून सगळा भार या पॉलिसीवर.

आता वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ. मी पीडीएफमध्ये `stone` शोधलं तर मूत्रमार्गाच्या खड्यांचा एक उल्लेख आला, पित्ताशयाचं काहीच नाही. मला वाटलं सुटलो. दोन दिवस मी त्याच आनंदात होते. मग मैत्रिणीने सांगितलं `gall` टाकून बघ, आणि मिळालं, कॅल्क्युलस डिसीझेस ऑफ गॉल ब्लॅडर, Excl02 च्या तक्त्यात, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गर्भाशय काढणं यांच्या रांगेत. कॅल्क्युलस म्हणजेच खडा. वर्डिंगमध्ये आपण बोलतो तो शब्द असेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर जे इंग्रजी नाव आहे ते आणि अवयवाचं नाव, दोन्ही टाकून शोधावं.

हा Excl02 म्हणजे ठराविक आजारांचा वेटिंग पिरियड, आमच्यात 24 महिने. यात लोकांची हमखास गफलत होते ती अशी की त्यांना वाटतं पॉलिसी घेतल्यानंतर आजार झाला तर लगेच मिळेल. नाही. या यादीतला आजार पॉलिसी घेतल्यावर नव्याने झाला तरी 24 महिने थांबावंच लागतं. अपघातामुळे झालेल्याला सूट असते, पण अपघाताने पित्ताशयात खडे कोणाला होणार! Excl03 वेगळा, तो पहिल्या 30 दिवसांचा, आणि Excl01 म्हणजे प्री-एक्झिस्टिंग, पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजारांचा. तो आमच्यात 36 महिने. 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे यापेक्षा जास्त ठेवताच येत नाही, आधी 48 महिन्यांपर्यंत चालायचं.

मी कॅलेंडर घेऊन बसले. जून 2022 ते जून 2024, 24 महिने झाले. मध्ये 2023 ला आमचा हप्ता 9 दिवस उशिरा भरला होता, तेव्हा धडधडलं, पण 30 दिवसांच्या ग्रेस पिरियडमध्ये भरला तर सलगता तुटत नाही, फक्त त्या 9 दिवसांत काही झालं असतं तर कव्हर नव्हतं. म्हणजे 24 महिन्यांचा प्रश्न सुटला. पण Excl02 च्या खालीच एक ओळ आहे जी मी तीनदा वाचली. यादीतला आजार जर आधीपासूनचाही निघाला, तर दोन्ही वेटिंग पिरियडपैकी जो मोठा तो लागतो. आमच्या बाबतीत मोठा म्हणजे 36, तो 12 जून 2025 ला संपणार, आणि ऑपरेशन जानेवारीत. खडे 2022 च्या आधी निदान झालेले असते तर एक पैसा मिळाला नसता.

आणि नेमकं तिथेच अडलं. कॅशलेससाठी हॉस्पिटलने फॉर्म पाठवला, त्याबरोबर पहिल्या तपासणीचा केस पेपर गेला. त्या दिवशी ज्युनियर डॉक्टरने आईला विचारलं होतं कधीपासून दुखतं, तर आई तिच्या पद्धतीने म्हणाली, "अगं पोट म्हणशील तर चार-पाच वर्षं आहेच." तिला म्हणायचं होतं गॅस होतो, वडे खाल्ले की जळजळतं. पण डॉक्टरने कागदावर लिहिलं, पोटदुखी अधूनमधून, 4-5 वर्षं. झालं, विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या टीपीएचा प्रश्न आला की पित्ताशयाच्या खड्यांचं निदान प्रथम कधी झालं, आधीचे सगळे रिपोर्ट जोडा.

आईला राग आला, मी खोटं बोलले का म्हणे. खोटं नव्हतंच, पण आपण गप्पांच्या ओघात सांगतो आणि कागदावर तो इतिहास होऊन बसतो. घरी येऊन वर्डिंगमधली व्याख्या काढली. प्री-एक्झिस्टिंग म्हणजे पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ठराविक काळात ज्या आजाराचं डॉक्टरने निदान केलं किंवा ज्याच्यासाठी सल्ला किंवा उपचार दिला तो. नुसतं पोट दुखत होतं याने आजार प्री-एक्झिस्टिंग होत नाही. मग देवघराच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशव्या उपसल्या. आईच्या पिशवीत लाईट बिलं, चतुर्थीच्या भटजींचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि त्याच्या खाली नोव्हेंबर 2021 ची सोनोग्राफी, गॅसच्या त्रासासाठी केलेली. ती बघताना माझे हात खरंच थरथरत होते, कारण त्यात खडा लिहिलेला निघाला असता तर तो लपवून चालणार नव्हतं, टीपीएने मागितलेलाच कागद होता. लिहिलं होतं, गॉल ब्लॅडर नॉर्मल, नो कॅल्क्युलस. नशीब तोपर्यंत तो शब्द मला कळत होता.

तो रिपोर्ट जोडला आणि सर्जनकडून दोन ओळींचं पत्र घेतलं की खड्यांचं निदान जानेवारी 2025 मध्ये पहिल्यांदा झालं, आधीच्या तक्रारी ऍसिडिटीच्या होत्या. केस पेपर खोडून नवा करायला आम्ही सांगितलं नाही, हॉस्पिटलच्या बाई तर आधीच म्हणाल्या तसलं काही करू नका, खाडाखोड दिसली की संशय वाढतो. पत्र गेल्यावर दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

आता तो 5 लाखांचा किस्सा, जो मला सगळ्यात उशिरा कळला. वर्डिंगमध्ये लिहिलंय की विम्याची रक्कम वाढवली तर वाढीव रकमेला वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून लागतो. म्हणजे आईच्या 3 लाखांचे 24 महिने जून 2024 ला संपले, पण वरच्या 2 लाखांचे तेव्हाच सुरू झाले, ते जून 2026 ला संपणार. शेड्यूलवर 5 लाख ठळक छापलेत, पण या ऑपरेशनपुरते ते 3 लाखच. मी म्हटलं ठीक आहे, बिल लाखाच्या आसपास होणार, 3 पुरे. इथे मी चुकले असते.

कारण रूम रेंट. शेड्यूलमध्ये रूमची मर्यादा रुपयांत नव्हतीच, लिहिलं होतं दिवसाला विमा रकमेच्या 1 टक्का. 5 लाखांचा 1 टक्का 5,000, आणि हॉस्पिटलची सिंगल रूम 4,500 ची, म्हणून आम्ही तीच सांगून ठेवली होती. मग रात्री मनात आलं की हा 1 टक्का 5 लाखांचा धरायचा की 3 लाखांचा? वर्डिंगमधून मला स्पष्ट होईना. हेल्पलाइनवर पहिला माणूस म्हणाला 5 चा, दुसरी बाई म्हणाली 3 चा. तेव्हा मेल टाकला, पॉलिसी नंबर, आजाराचं नाव, दोन्ही क्लॉजचे नंबर लिहून आणि एकच प्रश्न विचारून. तीन दिवसांनी उत्तर आलं, या आजारासाठी लागू असलेली रक्कम 3 लाख, म्हणून रूमची मर्यादा 3,000. दुसऱ्या पॉलिसीत वेगळं असू शकतं, पण आमच्यात असं, आणि लेखी.

दादा म्हणाला, मग काय झालं, 4,500 वजा 3,000, दिवसाचे 1,500, तीन दिवसांचे 4,500 आपण भरू, आई निवांत राहील. मलाही तसंच वाटलं असतं, पण वर्डिंगमध्ये प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणून जो प्रकार आहे तो मी तोपर्यंत वाचला होता. मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली तर फक्त रूमचा फरक कापत नाहीत, रूमबरोबर जे खर्च वाढतात, सर्जनची फी, भूल देणाऱ्यांची फी, ओटी, नर्सिंग, ते सगळे त्याच प्रमाणात कापतात. हॉस्पिटलने सिंगल रूमचा अंदाज 1 लाखाचा दिला होता: रूम 13,500, सर्जन-भूल-ओटी-नर्सिंग मिळून 60,000, औषधं आणि सामान 22,000, टेस्ट 4,500. आता 3,000 म्हणजे 4,500 चे दोन तृतीयांश. रूमचे 9,000 मिळणार, 4,500 गेले. 60,000 चे 40,000 मिळणार, 20,000 गेले. औषधांना आणि टेस्टना ही कात्री लागत नाही, ते पूर्ण धरतात. तर दादाच्या हिशोबाने 4,500 आणि कागदाच्या हिशोबाने 24,500. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दुधाच्या पिशवीच्या हिशोबाच्या वहीत मी हे मांडून दाखवलं तेव्हा दादा गप्प बसला, वहिनी म्हणाली परत एकदा सांग.

ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ही प्रपोर्शनेट कपात लावता येत नाही. म्हणून मी बिलिंग काउंटरला तेही विचारलं. ती मुलगी हसून म्हणाली, "ना गे बाय, हांगा रूम बदलता तशी सर्जनाची फीय बदलता." संपला विषय.

ट्विन शेअरिंग 2,800 ची होती. आईची समजूत काढणं हा या सगळ्यातला सर्वात अवघड क्लॉज होता. तिचं म्हणणं, भेटायला लोक येणार, दुसऱ्या बाईसमोर मी कशी झोपू. प्रत्यक्षात शेजारच्या खाटेवर पेडण्याची एक आजी होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघींचं खतखत्यात कुठल्या भाज्या पडल्याच पाहिजेत यावर भांडण चाललं होतं.

शेवटचं बिल 82,000 झालं. रूम 8,400, सर्जन वगैरे 48,000, औषधं आणि सामान 21,500, टेस्ट 4,100. सर्जनची बाजूच 12,000 ने कमी झाली ते बघा, रूम बदलली म्हणून. कंपनीने 79,360 दिले, आम्ही 2,640 भरले. ते ग्लोव्हज, मास्क, रजिस्ट्रेशनची फी, माझ्या जेवणाचे पैसे असले, वर्डिंगच्या शेवटी न मिळणाऱ्या वस्तूंची एक लांब यादी असते त्यातले. ती यादी आधी वाचली असती तर जेवणाचा डबा घरून आणला असता एवढंच.

डिस्चार्जच्या दिवशी मात्र बसून कंटाळा आला. नियमाने हॉस्पिटलकडून फायनल बिल गेल्यापासून 3 तासांत कंपनीने उत्तर द्यायचं असतं, आणि ते तसं आलंही, पण हॉस्पिटलमधून बिल जायलाच दुपारचे 2 वाजले. आई पिशवी भरून खाटेवर बसलेली, तोंडाने सारखं, "झालं का गं त्यांचं?"

ऑपरेशननंतरच्या 60 दिवसांतली औषधं आणि ड्रेसिंगची बिलं, शिवाय आधीचे ओपीडीचे 5,200, असं एकत्र नंतर रिइम्बर्समेंटला पाठवलं. प्रत्येक बिलामागे डॉक्टरची चिठ्ठी लावली. एका मेडिकल दुकानाच्या बिलावर आईचं नाव नव्हतं, नुसतं "कॅश", ते 310 रुपये नाही मिळाले.

मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय म्हणून सांगितलं, अजून घाई नाही म्हणाले. मी घरी येऊन आधी शेड्यूल काढलं. मोतीबिंदू एका डोळ्याला 40,000, कितीही कव्हर असलं तरी. हा सब-लिमिट आकड्यात आहे, टक्क्यात नाही, त्यामुळे जून 2026 ची वाट बघून यात काही फरक पडत नाही, भारी लेन्स घेतली तर वरचे पैसे आपलेच.

एप्रिलमध्ये एजंट काका आले, यावेळी म्हणाले दुसऱ्या कंपनीत पोर्ट करू, 10 लाख कव्हर, रूमला लिमिट नाही. पोर्ट केलं तर झालेला वेटिंग पिरियड जुन्या रकमेपुरता सोबत येतो, वरच्याला परत पहिल्यापासून, हे मी बोलले तेव्हा ते जरा थांबले. रिन्युअलच्या 45 दिवस आधी अर्ज करावा लागतो, म्हणजे एप्रिल संपायच्या आत. मी म्हटलं काका, आधी त्या पॉलिसीचं वर्डिंग पाठवा, मग बोलू. संध्याकाळी व्हॉट्सऍपवर पीडीएफ आला, चार पानांचा, पहिल्या पानावर हसणारे आजी-आजोबा. परत मेसेज केला, हे नव्हे काका, मोठं ते.